एमसीबी पण पडतो आणि मागचा एचआरसी पण उडतो: कर्व्ह बरोबर दिसतात तरी असं का होतं

हा प्रॉब्लेम एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्समध्ये इतका कॉमन आहे की वायरमन लोकांनी त्याला प्रॉब्लेम म्हणणंच सोडलंय. वेल्डिंगच्या सॉकेटला शॉर्ट होतो, डीबीतला एमसीबी पडतो, ते ठीकच, पण त्याचवेळी मेन पॅनलमधल्या एसएफयूतला एक एचआरसी फ्यूज पण जातो, मग अख्ख्या शेडचा एक फेज गायब, कॉम्प्रेसर गुरगुरायला लागतो आणि कोणीतरी पॅनलकडे पळतो. नवीन फ्यूज टाकला की सगळं चालू, दोन-तीन आठवड्यांनी परत तेच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "फ्यूज लोकल निघाला". बऱ्याचदा फ्यूज अगदी चांगल्या कंपनीचा असतो आणि तो त्याचं काम चोख करत असतो, आपणच त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवलेली असते.

एक खरी केस आकड्यांसकट घेतो. जागेचं नाव देत नाही, पण असं सेटअप तुम्ही शंभरदा पाहिलं असेल.

५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर इम्पीडन्स ४.५ टक्के. पुढे ८०० अँपिअरचा एसीबी, त्याच पॅनलमधून ६३ अँपिअर एसएफयूवरून एक फीडर शेडकडे. केबल २५ स्क्वेअरची अल्युमिनियम, चार कोअर, अंतर ३५ मीटर. शेडच्या डीबीत सी कर्व्हचे ३२ अँपिअरचे एमसीबी, त्यातल्या दोनांवर वेल्डिंगची सॉकेट्स. एक सॉकेट डीबीच्या अगदी खाली, हातभर अंतरावर, आणि दुसरं शेडच्या टोकाला ६ स्क्वेअर कॉपरने २० मीटर लांब.

आता पहिला क्लू इथेच आहे आणि तो कोणी लिहून ठेवत नाही. टोकाच्या सॉकेटला शॉर्ट झाला तर बहुतेक वेळा फक्त एमसीबी पडायचा. डीबीखालच्या सॉकेटला झाला की दोन्ही जायचे. माल खराब असता तर त्याला सॉकेट लांब आहे का जवळ हे कुठून कळणार? म्हणजे विषय फॉल्ट करंटचा आहे. तुमच्याकडे असंच काही होत असेल तर आधी आठवून पाहा, दोन्ही कधी जातात आणि एकच कधी जातो. मेंटेनन्सच्या वहीत "शॉर्ट झाला, फ्यूज बदलला" एवढंच असतं, त्यात शॉर्ट कुठे झाला आणि कोणत्या फेजचा फ्यूज गेला हे पण लिहायची सवय लावा, निम्मं निदान वहीतूनच होतं.

कागदावर काय दिसतं

कन्सल्टंटने टाईम-करंट कर्व्ह दिले होते, दोन्ही एकाच लॉग-लॉग शीटवर. सी ३२ चा कर्व्ह पूर्ण डावीकडे, ६३ च्या फ्यूजचा उजवीकडे, मधे मस्त मोकळी जागा, कुठेच एकमेकांना शिवत नाहीत. खाली शिक्का "डिस्क्रिमिनेशन अचीव्ह्ड", म्हणजे फॉल्टला फक्त पुढचा एमसीबी पडणार, मागचा फ्यूज टिकणार. आणि ओव्हरलोडपुरतं ते खरंच आहे. ३२ चा एमसीबी १.४५ पट, म्हणजे साधारण ४६ अँपिअरला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. ६३ चा एचआरसी जीजी प्रकारचा आहे, तो १.२५ पटीला, म्हणजे ७९ अँपिअरला तासभर टिकलाच पाहिजे, आणि १.६ पट म्हणजे १०१ अँपिअरला तासाच्या आत गेला पाहिजे. दोघांत भरपूर अंतर. वेल्डरने लोड जास्त ओढला म्हणून मागचा फ्यूज गेला असं इथे होणार नाही.

पण तो शीट खाली कुठे संपतो ते बघा. ०.०१ सेकंद. म्हणजे १० मिलिसेकंद, आपल्या ५० हर्ट्झचा अर्धा सायकल. एमसीबीचा मॅग्नेटिक भाग ५ ते १० पटीत, म्हणजे १६० ते ३२० अँपिअरच्या मधे कुठेतरी उठतो, तिथून कर्व्ह सरळ खाली येतो आणि मग तळाशी आडवा होऊन उजवीकडे जातो. लोक ती आडवी रेघ शीटची बॉर्डर समजून सोडून देतात! ती बॉर्डर नाहीये. तिचा अर्थ असा की करंट कितीही वाढला तरी एमसीबीला कॉन्टॅक्ट उघडून आर्क विझवायला काही मिलिसेकंद लागणारच, त्याच्या आत तो जाऊ शकत नाही. फ्यूजला अशी काही मर्यादा नाही, करंट वाढला की तो अजून लवकर वितळतो, पुढे मिलिसेकंदाच्याही आत. मग एमसीबीची आडवी रेघ उजवीकडे चाललीय आणि फ्यूजचा कर्व्ह उतरत चाललाय, तर कुठेतरी ते भेटणारच. फक्त ते शीटच्या तळाला, किंवा शीटच्या खाली, जिथे आपण बघतच नाही.

कुठे भेटतात याचा अंदाज स्टँडर्डच्या आकड्यांवरूनच निघतो. जीजी फ्यूजसाठी आयईसी ६०२६९ मधे १० मिलिसेकंदाला प्री-आर्किंग एनर्जीची, म्हणजे एलिमेंट वितळायला लागणाऱ्या एनर्जीची, खालची आणि वरची हद्द दिलेली आहे. ६३ अँपिअरला ती ९,००० ते २७,००० अँपिअर-स्क्वेअर-सेकंद. खालची हद्द धरली तर ९,००० भागिले ०.०१, त्याचं वर्गमूळ, साधारण ९५० अँपिअर. म्हणजे हजाराच्या आसपास करंट गेला की हा फ्यूज १० मिलिसेकंदात वितळायला सुरुवात करू शकतो. एमसीबी त्या करंटला ५-६ मिलिसेकंदात उघडतो म्हणून अजून थोडी जागा आहे, पण फार नाही. हजार-बाराशेच्या वर या कर्व्हवर विसंबून काही बोलू नये, तिथून पुढचा हिशोब एनर्जीचा.

वेळ सोडा, एनर्जी बघा

१० मिलिसेकंदाच्या खाली "कोण किती वेळात" हा प्रश्नच फसवा होतो, कारण करंट साईन वेव्हच्या कुठल्या जागी सुरू झाला यावर वेळ बदलते आणि एमसीबी उघडताना स्वतःच करंट दाबतो, त्यामुळे आरएमएस वगैरे काही उरत नाही. म्हणून तिथे I²t वापरतात, करंटचा वर्ग गुणिले वेळ. फ्यूजच्या एलिमेंटला वितळायला ठराविक I²t लागतो, इतक्या कमी वेळात उष्णता बाहेर जातच नाही त्यामुळे हा आकडा जवळजवळ स्थिर राहतो. आणि एमसीबी उघडून आर्क विझेपर्यंत जेवढा I²t पुढे जाऊ देतो ती त्याची लेट-थ्रू एनर्जी. दोघं सिरीजमधे आहेत, एमसीबीतून जे गेलं ते सगळं फ्यूजमधून गेलंय. मग नियम एका ओळीचा:

```
मागे फ्यूज, पुढे एमसीबी:
एमसीबीचा लेट-थ्रू I²t (त्या जागेच्या फॉल्ट करंटला)  <  फ्यूजचा प्री-आर्किंग I²t
```

लक्ष द्या, फ्यूजचा प्री-आर्किंग घ्यायचा, टोटल ऑपरेटिंग नाही. कॅटलॉगमधे दोन्ही शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि घाईत मोठा आकडा उचलला जातो. एलिमेंट एकदा वितळलं की फ्यूज गेलाच, पुढे आर्क कोणी विझवला याने काय फरक पडतो.

दुसरी गोष्ट, एमसीबीवर एका चौकोनात ३ असा एनर्जी क्लास छापलेला असतो, त्यावर समाधान मानू नका. त्या क्लासची हद्द एमसीबीच्या पूर्ण ब्रेकिंग कपॅसिटीला दिलेली असते. तुमचा फॉल्ट करंट त्याहून कमी असेल तर खरा आकडा बराच खाली असतो, त्यासाठी त्या मॉडेलचा I²t विरुद्ध प्रॉस्पेक्टिव्ह करंटचा कर्व्ह मागवा. डीलरकडे नसतो, कंपनीच्या टेक्निकल कॅटलॉगमधे असतो.

आता फॉल्ट करंट. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड ६६७ अँपिअर, ४.५ टक्क्यांनी भागला तर सेकंडरीला साधारण १४.८ किलोअँपिअर. हा आकडा सगळीकडे वापरायचा मोह होतो, पण डीबीपर्यंत ३५ मीटर २५ स्क्वेअर अल्युमिनियम आहे आणि तीच इथे सगळ्यात मोठी अडचण आहे करंटसाठी. थंड केबलचा रेझिस्टन्स १.२० ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे एका कोअरला ०.०४२ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या पूर्ण इम्पीडन्सपेक्षा (०.०१७ ओहम) अडीचपट. सगळं मिळवून डीबीवर थ्री फेज फॉल्ट साधारण ५ किलोअँपिअर, आणि फेज-न्यूट्रल, जो प्रत्यक्षात जास्त वेळा होतो, साधारण २.८ किलोअँपिअर. टोकाच्या सॉकेटला २० मीटर ६ स्क्वेअर अजून वाढते, तिथे फेज-न्यूट्रल फक्त १.२ किलोअँपिअर. केबल थंड धरायची बरं का, गरम धरली की फॉल्ट कमी येतो आणि डिस्क्रिमिनेशन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

मग या तीन करंटला त्या मॉडेलच्या कर्व्हवरून वाचलेली लेट-थ्रू एनर्जी. १.२ किलोअँपिअरला सहा हजारांच्या आसपास, २.८ ला पंधरा-सोळा हजार, ५ ला पस्तीस हजाराच्या घरात. दुसऱ्या मेकचा एमसीबी असेल तर आकडे वेगळे येतील, हे तसेच उचलू नका. फ्यूजची खात्रीची बाजू ९,०००, आणि त्या मेकच्या कॅटलॉगमधे १४,०००.

आता कोडं आपोआप सुटतं. टोकाला शॉर्ट, ६,००० गेले, ९,००० च्या आत, फ्यूज वाचला. डीबीखाली शॉर्ट, १५-१६ हजार गेले, कॅटलॉगचा आकडा धरला तरी पार, फ्यूज गेला. आणि शॉर्ट फेज-न्यूट्रल होता म्हणून एकाच फेजचा फ्यूज गेला, म्हणून कॉम्प्रेसरचं सिंगल फेजिंग. कोणाचा माल खराब नाही, कोणी उशिरा पडलं नाही, पण डिस्क्रिमिनेशन साधारण दीड-दोन किलोअँपिअरपर्यंतच होतं आणि डीबीवर फॉल्ट त्याच्या वर होता.

एक भूतासारखी केस

याच जागी अजून एक तक्रार होती, "कधीकधी काहीच शॉर्ट नसताना फ्यूज जातो". ही ऐकली की लोक गोंधळतात, पण याचं कारण बहुतेक वेळा मागच्या शॉर्टमधेच असतं. समजा फॉल्टमधे फ्यूजमधून त्याच्या प्री-आर्किंगच्या अगदी जवळ एनर्जी गेली, किंवा फेज-फेज शॉर्टमधे एक फ्यूज आधी वितळला आणि दुसरा अर्ध्यावर वाचला. त्या वाचलेल्याचं एलिमेंट आतून डॅमेज झालेलं असतं, मल्टीमीटरवर कंटिन्युइटी फर्स्ट क्लास दाखवतं, पण नंतर एखाद्या दिवशी सकाळी सगळ्या मशीन एकदम सुरू झाल्या की तो साध्या लोडवर जातो. म्हणून एक फ्यूज उडाला की तिन्ही बदलायचे. मालक कुरकुरतो, दोन चांगले फ्यूज का फेकायचे म्हणून, पण मोटर रिवाइंडिंगचं बिल दाखवलं की गप्प होतो.

उपाय, आणि आधी कोणते नाहीत ते

सगळ्यात आधी सुचतो तो म्हणजे ६३ काढून १०० टाका. १०० च्या जीजीला खालची हद्द २७,०००, म्हणजे फेज-न्यूट्रलच्या १६ हजाराला ठीक, पण थ्री फेजच्या ३५ हजाराला नाही. आणि खरी अडचण केबलची, २५ स्क्वेअर अल्युमिनियम टाकायच्या पद्धतीप्रमाणे ७०-८० अँपिअरच्या आसपास धरतात, १०० चा फ्यूज १६० अँपिअरला पण दोन तासांपर्यंत शांत बसू शकतो. फ्यूज वाचेल, केबल भाजेल. हे करू नका.

मग कोणीतरी म्हणतो केबल पण मोठी टाका, ५० स्क्वेअर, म्हणजे मोठा फ्यूज चालेल. यात एक गंमत आहे, केबल जाड केली की रेझिस्टन्स जवळजवळ निम्मा होतो आणि डीबीवरचा फॉल्ट ५ वरून पावणेआठ किलोअँपिअरच्या आसपास जातो. एमसीबीची लेट-थ्रू एनर्जी पण त्याच्यासोबत वर चढते. म्हणजे ज्या १२५ च्या फ्यूजने (खालची हद्द ४६,०००) जुन्या केबलवर काम भागलं असतं तो नव्या केबलवर परत काठावर येतो. आणि एमसीबी ६ केएचे असतील तर तेही अपुरे पडले. करायचं असेल तर करा पण हिशोब परत पहिल्यापासून.

तिसरा, एसएफयू काढून एमसीसीबी लावा. फॅशन आहे, सिंगल फेजिंग पण टळतं कारण तिन्ही पोल एकत्र उघडतात, तो फायदा खरा. पण डिस्क्रिमिनेशन? साधा थर्मल-मॅग्नेटिक १०० चा घेतला, मॅग्नेटिक १० पटीला, म्हणजे १,००० अँपिअर, त्यात २० टक्के टॉलरन्स, म्हणजे ८०० च्या वर तो उठू शकतो. पीकमधे मोजलं तर ८०० गुणिले १.४१, साधारण ११३० अँपिअर. एमसीबीने २.८ किलोअँपिअरचा फॉल्ट कापताना पुढे सोडलेला पीक करंट याच्या दुपटीच्या आसपास असतो. म्हणजे नुसत्या कर्व्हवरून पाहिलं तर फ्यूजपेक्षा वाईट अवस्था! प्रत्यक्षात एमसीसीबीला नुसता पीक दिसून चालत नाही, लॅच सुटायला थोडा वेळ आणि थोडी एनर्जी पण लागते, म्हणून कंपन्या टेस्ट करून सिलेक्टिव्हिटी टेबल देतात, त्यात अमुक एमसीसीबीखाली अमुक एमसीबी तर इतक्या किलोअँपिअरपर्यंत सिलेक्टिव्ह असं लिहिलेलं असतं. तो आकडा पेपरवरच्या हिशोबापेक्षा बऱ्याचदा जास्त निघतो. पण तो त्याच कंपनीच्या त्याच दोन मॉडेलपुरता. वर एका मेकचा, खाली दुसऱ्या मेकचा असेल तर ते टेबल तुमच्यासाठी नाहीच. इलेक्ट्रॉनिक रिलीजवाला घेऊन शॉर्ट टाईम डिले लावायचा विचार असेल तर कॅटलॉगमधे इन्स्टंटेनियस ओव्हरराईड किती आहे ते शोधा, छोट्या फ्रेममधे तो असतोच, आणि त्याच्यावर फॉल्ट गेला की तुमचा डिले धाब्यावर बसवून तो लगेच उघडतो.

इथे आम्ही काय केलं, फीडरचा ६३ फ्यूज आणि केबल तशीच ठेवली, आणि वेल्डिंगच्या दोन सर्किटचे एमसीबी काढून तिथे ३२ अँपिअरचे थ्री पोल फ्यूज स्विच बसवले, जीजी फ्यूजसकट. फ्यूजमागे फ्यूज असला की नियम थोडा बदलतो, पुढच्याचा टोटल ऑपरेटिंग I²t मागच्याच्या प्री-आर्किंगपेक्षा कमी हवा, इथे मात्र पुढच्याचा टोटलच घ्यायचा कारण त्याचा आर्क विझेपर्यंत मागच्यातून करंट चालू आहे. जीजी फ्यूजमधे १६ अँपिअर आणि वर रेटिंगचं गुणोत्तर १.६ असलं की डिस्क्रिमिनेशन स्टँडर्डनेच गृहीत धरलंय, आपलं ६३ ला ३२, जवळजवळ दुप्पट. ३२ च्या प्री-आर्किंगची वरची हद्द ५,०००, टोटल धरून पण ६३ च्या ९,००० च्या आत बसतो, डीबीवरच्या पूर्ण ५ किलोअँपिअरला सुद्धा. फ्यूज असा मधेच करंट कापतो की तो त्याच्या पूर्ण पीकपर्यंत पोचतच नाही, हे एमसीबीला इतकं चांगलं जमत नाही.

तोटे पण सांगतो. वेल्डरला आता एमसीबीसारखं वर ढकलून काम सुरू करता येत नाही, फ्यूज बदलावा लागतो आणि डीबीशेजारी ३२ चे स्पेअर ठेवावे लागतात. नाही ठेवले तर कोणीतरी तार गुंडाळणार, हे लिहून घ्या. मोटरच्या सर्किटला हे करत असाल तर सिंगल फेजिंगसाठी फेज फेल्युअर असलेला ओव्हरलोड रिले लागेलच, वेल्डिंग सॉकेटला तेवढी गरज नव्हती. आणि एमसीबी ठेवून त्याच्या आधी ३२ चा फ्यूज सिरीजमधे टाकायचा विचार असेल तर त्याचा उपयोग कमी, हजारभर अँपिअरच्या शॉर्टलाही दोन्ही जातील, त्यापेक्षा एकच ठेवा.

डीबीतल्या बाकीच्या सर्किटचे एमसीबी तसेच आहेत, लायटिंग आणि लांबची सॉकेट्स, तिथल्या टोकाला फॉल्ट करंट कमी असल्यामुळे चालून जातं. पण डीबीच्या आतच टर्मिनलवर शॉर्ट झाला तर तिथेही ६३ जाणार, ते मालकाला आधीच सांगून ठेवलं.

तुमच्याकडे चेक करायचं असेल तर लूप इम्पीडन्स टेस्टरने डीबीवर रीडिंग घ्या, फक्त इथे लूप ०.०९ ओहमच्या घरात आहे आणि इतक्या कमी व्हॅल्यूला साध्या टेस्टरचं रीडिंग बरंच हलतं, म्हणून केबलच्या लांबीवरून केलेला हिशोब शेजारी ठेवा आणि दोन्हीतला मोठा फॉल्ट करंट घ्या. प्रश्न विचारायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए आणि टक्के इम्पीडन्स, प्रत्येक केबलचा साईज आणि मीटर, मागच्या आणि पुढच्या दोन्ही डिव्हाईसचा मेक-मॉडेल, आणि शॉर्ट नक्की कुठे झाला, एवढं टाका. नुसता "फ्यूज उडतोय, काय करू" याला उत्तर देता येत नाही.